गाण्यांचा महिन्याचा प्लॅन आणि यूपीआय ऑटोपे : सुरू करताना काय वाचायचं, नंतर कुठे तपासायचं, बंद कुठून करायचं
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात दुकानात एक मागणी ठरलेली असते. आरत्या आणि भजनं मधे जाहिरात न येता वाजली पाहिजेत, आणि वाडीत रेंज नसली तरी वाजली पाहिजेत. गाणी फोनमध्ये उतरवून ठेवायची सोय बहुतेक ॲपांमध्ये पैसे भरलेल्या प्लॅनमध्येच असते, म्हणून प्लॅन घेतला जातो. ‘पहिला महिना फुकट’ असं लिहिलेलं असतं, पण त्यासाठीही ॲप बँक खात्यावर ऑटोपेची परवानगी मागतं. विसर्जन झालं, चाकरमानी मुंबईला परतले, ॲप फोनमधून काढून टाकलं, आणि दिवाळीच्या सुमारास पासबुकात ११९ रुपयांची नोंद दिसते.

ॲप काढल्याने प्लॅन बंद होत नाही आणि परवानगीही रद्द होत नाही. ऑटोपेची परवानगी, म्हणजे मँडेट, गाण्यांच्या ॲपमध्ये नसतं. ते तुमच्या बँक खात्यावर नोंदलेलं असतं आणि तुमच्या यूपीआय ॲपमधून दिसतं. फोन बदलला, फॉरमॅट मारला, तरी ते तिथेच राहतं.

सुरू करताना

खातं यूपीआयला जोडलेलं असावं, यूपीआय पिन आठवत असावा, आणि बँकेत नोंदवलेल्या नंबरचं सिम चालू असावं. शेवटची गोष्ट आपल्याकडे हमखास राहते. खातं बाबांचं, पण बँकेत नंबर मुंबईच्या मुलाचा, असं असेल तर पैसे कापण्याआधीचा बँकेचा मेसेज मुंबईला जातो आणि इथे कुणाला पत्ताच लागत नाही. आधी बँकेत जाऊन नंबर बदलून घ्या, मग ऑटोपेच्या मागे लागा.

गाण्यांच्या ॲपमध्ये प्लॅन निवडून पैसे भरण्याच्या पानावर यूपीआय निवडलं की तुमचं यूपीआय ॲप उघडतं आणि मँडेटचा तपशील दाखवतं. पिन टाकण्याची घाई इथेच नडते. या पानावर चार गोष्टी वाचायच्या.

पैसे कुणाला जाणार, ते नाव. रक्कम : ती नेमकी ११९ आहे, की ‘कमाल ५०० पर्यंत’ अशी मर्यादा आहे. किती दिवसांनी : मासिक, वार्षिक, की `As presented`, म्हणजे समोरच्याने मागणी पाठवली की. आणि शेवटची तारीख.

यातली रक्कम नीट समजून घ्या. मर्यादा ५०० ची असली म्हणून महिन्याला ५०० जात नाहीत, प्लॅनचे ११९ च जातात. पण उद्या प्लॅनचा दर १३९ झाला, तर तोही त्याच मर्यादेत बसतो आणि पुन्हा पिन न विचारता जाऊ शकतो. नेमक्या ११९ च्या मँडेटमधून १३९ जाणार नाहीत, त्यासाठी नवी परवानगी लागेल. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशा वर्गणीसाठी पिनशिवाय आपोआप जाणाऱ्या एका रकमेची हद्द १५,००० रुपये आहे. गाण्यांच्या प्लॅनला ही हद्द इतकी मोठी आहे की तिच्यावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. पानावरचा आकडा बघा.

शेवटची तारीख वीस-तीस वर्षं पुढची दिसली तर दचकू नका, पुष्कळ ॲपं तशीच टाकतात. पण त्याचा अर्थ सरळ आहे : तुम्ही थांबवेपर्यंत ते थांबणार नाही.

वाचून झालं की पिन टाका. फुकट महिना असेल तर खातं चालू आहे का हे पाहण्यासाठी एक-दोन रुपये कापले जाऊ शकतात. ते बहुतेक वेळा परत येतात.

पिन टाकल्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं आणि रेंज गेली, तर लगेच दुसऱ्यांदा प्रयत्न करू नका. खाडीकाठच्या आणि कातळावरच्या गावांत, विशेषतः पावसात वीज गेल्यावर, हे वारंवार होतं. पुष्कळदा परवानगी बँकेपर्यंत पोचलेली असते, फक्त उत्तर तुमच्या फोनवर आलेलं नसतं. दुसऱ्यांदा केलंत तर एकाच प्लॅनसाठी दोन मँडेट बसू शकतात. रेंज येईल तिथे जाऊन आधी ऑटोपेची यादी उघडून पाहा. तिथे काही नसेल तरच पुन्हा करा.

एक उदाहरण, तारखांसकट

समजा १० सप्टेंबरला फुकट महिन्याचा प्लॅन घेतला. त्या दिवशी दोन रुपये गेले आणि परत आले. खरे ११९ रुपये १० ऑक्टोबरला जायचे आहेत. नियमाने पैसे कापण्याच्या निदान २४ तास आधी तुम्हाला सूचना मिळायला हवी, म्हणजे ९ ऑक्टोबरपर्यंत. तिच्यात पैसे कुणाला, किती आणि कधी जाणार हे लिहिलेलं असतं. सूचना मेसेजने येते किंवा यूपीआय ॲपची घंटी वाजते. त्या ॲपच्या सूचना तुम्ही बंद करून ठेवल्या असतील तर ती मुकाट येऊन पडते.

१० तारखेला खात्यात ८० च रुपये असतील तर मागणी परत जाते, पण विषय तिथे संपत नाही. पहिल्या प्रयत्नानंतर आणखी तीन वेळा प्रयत्न करता येतो. म्हणून ‘खात्यात पैसे नव्हते, सुटलो’ असं समजू नये. मागाहून माशांचे किंवा काजूचे पैसे जमा झाले की त्यातून ११९ जाऊ शकतात. ऑगस्ट २०२५ पासून हे प्रयत्न गर्दीच्या वेळा सोडून होतात : सकाळी १० च्या आधी, दुपारी १ ते ५, किंवा रात्री साडेनऊनंतर. पहाटे पैसे गेल्याचा मेसेज आला तर तेवढ्यावरून ती फसवणूक ठरत नाही. नाव आणि रक्कम पाहा.

प्लॅन पुढे नको असेल तर सूचनेची वाट बघत बसू नका. सूचना निघाल्यावर आयत्या वेळी रद्द करायला गेलं की कधी पान अडकतं, कधी रेंज दगा देते. या उदाहरणात ७ ऑक्टोबरपर्यंत काम उरकलेलं बरं. गाण्यांच्या ॲपमध्ये फुकट महिना आधी रद्द केल्यावर तो शेवटपर्यंत चालतो की लगेच बंद होतो, हे रद्द करण्याच्या पानावर लिहिलेलं असतं. शेवटपर्यंत चालणार असेल तर विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीच रद्द करून मोकळे व्हा.

तपासायचं कुठे

ज्या यूपीआय ॲपमधून परवानगी दिली, तेच उघडा. वरच्या कोपऱ्यातल्या तुमच्या फोटोवर किंवा नावावर बोट ठेवा आणि `AutoPay` शोधा. काही ॲपांत ते `Mandates` किंवा `UPI Automatic Payments` या नावाने, पेमेंटच्या सेटिंग्जमध्ये असतं. यादीत चालू, थांबवलेली आणि संपलेली मँडेट वेगवेगळी दिसतात. गाण्यांच्या प्लॅनवर बोट ठेवलं की रक्कम, पुढची तारीख आणि यूएमएन नावाचा लांबलचक क्रमांक दिसतो. त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, तक्रारीच्या वेळी हाच क्रमांक विचारतात.

यादीत गाण्यांच्या ॲपचं नाव सापडत नाही, असंही होतं. प्लॅन प्ले स्टोअरमार्फत घेतला असेल तर मँडेट गूगलच्या नावावर असतं, आयफोनवरून घेतला असेल तर ॲपलच्या. तेही नसेल तर परवानगी दुसऱ्याच यूपीआय ॲपमधून दिलेली असेल. फोनमध्ये अशी दोन-तीन ॲपं असतातच. कोणतं ते आठवत नसेल तर यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयच्या `upihelp.npci.org.in` या संकेतस्थळावर आपला मोबाईल नंबर आणि ओटीपी टाकून मँडेट पाहता येतात. पत्ता हाताने टाइप करा. व्हॉट्सॲपवर कुणी पाठवलेल्या लिंकवरून जाऊ नका.

बंद करताना : दोन दारं, दोन्ही लावायची

आधी गाण्यांच्या ॲपमध्ये जाऊन प्लॅन रद्द करा. प्ले स्टोअरमार्फत घेतला असेल तर प्ले स्टोअरमध्ये तुमच्या फोटोवर, मग `Payments & subscriptions`, मग `Subscriptions`. आयफोनवर सेटिंग्जमध्ये सर्वांत वर तुमचं नाव, आणि त्यात `Subscriptions`. ॲप काढून टाकलं असेल आणि प्लॅन थेट कंपनीकडून घेतला असेल, तर त्यांच्या संकेतस्थळावर त्याच नंबराने किंवा ईमेलने लॉगिन करून रद्द करता येतो.

मग यूपीआय ॲपमधल्या यादीत जाऊन ते मँडेट उघडा आणि `Revoke`, `Cancel` किंवा `Remove` यांपैकी जे असेल ते निवडा. `Pause` निवडू नका. त्याने परवानगी नुसती थांबते, संपत नाही. पावसाळ्यात महिनाभर प्लॅन नको, एवढंच असेल तर ते ठीक.

रद्द करतानाही पिन मागतात, आणि इथे बरेच जण घाबरून मागे फिरतात. पानावर रद्द करण्याचाच मजकूर आहे ना, हे वाचून पिन टाका, याने पैसे जात नाहीत. मात्र हे पान तुम्ही स्वतः यादीतून उघडलेलं असावं. ‘तुमचं ऑटोपे बंद करतो, आलेली रिक्वेस्ट मंजूर करा’ असा फोन आला, तर ती रिक्वेस्ट बहुधा नव्या मँडेटची किंवा थेट पैशांची असते.

दोन्ही ठिकाणी का, तर नुसता प्लॅन रद्द केला तर काही कंपन्या मँडेट स्वतःहून काढतात, काहींचं तसंच पडून राहतं. नुसतं मँडेट काढलं तर कंपनीच्या लेखी तुमचा प्लॅन चालूच असतो. ती पैसे मागते, मिळत नाहीत, आणि ‘पेमेंट झालं नाही, नवी पद्धत जोडा’ असे संदेश येत राहतात. त्यातल्याच एखाद्यावर घरातल्या मुलाने बोट ठेवलं की नवं मँडेट तयार.

रद्द झाल्याचा मेसेज येतो आणि यादीत ते मँडेट चालूमधून निघून `Revoked` किंवा `Cancelled` असं दिसतं. हाही स्क्रीनशॉट ठेवा. त्यानंतरही पैसे गेले तर यूपीआय ॲपच्या व्यवहारांच्या यादीत तो व्यवहार उघडून तिथूनच तक्रार नोंदवा, आणि यूएमएन व दोन्ही स्क्रीनशॉट घेऊन बँकेच्या शाखेत लेखी अर्ज द्या. कंपनीचं नावच ओळखीचं नसेल, तर वेळ न घालवता १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा.

दुकानात मदतीसाठी येताना बँकेत नोंदवलेल्या नंबरचा फोन आणि ताजी नोंद भरलेलं पासबुक आणा. पिन तुम्हीच टाकायचा, आम्हाला सांगायचा नाही. आमच्याकडचा कुणी विचारू लागला तर मालकांना सांगा.