अस्तित्वाच्या नियमाला नवं नाव का लागतं: एका अटीची पार्श्वभूमी

विधेय तर्कशास्त्रात नैसर्गिक निगमन, म्हणजे गृहीतकं धरून ओळीमागून ओळ सिद्धता लिहिण्याची पद्धत, शिकताना दोन नियम लागोपाठ येतात. सार्विक उदाहरणीकरण सांगतं की `∀x P(x)`, म्हणजे ‘प्रत्येक x ला P लागू आहे’, हातात असेल तर `P(a)` लिहा, `a` कोणतंही चालेल. अस्तित्ववाची उदाहरणीकरण सांगतं की `∃x P(x)`, म्हणजे ‘P लागू असलेला कुणीतरी x आहे’, असेल तरीही `P(a)` लिहा, पण `a` हे नाव सिद्धतेत आधी कुठेही आलेलं नसावं. नियम दिसायला जुळ्या भावंडांसारखे आणि अट मात्र एकालाच, त्यामुळे बहुतेकजण ती अट पाठ करतात आणि पुढे सरकतात. ती अट सुचायला आणि नीट मांडायला फार वर्षं लागली. दोन्ही नियमांची जात मुळातच वेगळी आहे, हे त्या इतिहासातून जितकं स्पष्ट होतं तितकं नियमांच्या तक्त्यातून होत नाही.

नाव देऊन पुढे जाण्याची युक्ती ॲरिस्टॉटलकडे आहे. ‘कोणताही ब हा अ नाही’ यावरून ‘कोणताही अ हा ब नाही’ हे सिद्ध करताना तो म्हणतो, समजा एखादा अ हा ब असेल, उदाहरणार्थ क. मग क हा ब-पैकी एक असून अ आहे, म्हणजे ‘कोणताही ब हा अ नाही’ हे खोटं ठरतं. या पद्धतीला ग्रीकमध्ये ‘एक्थेसिस’ म्हणत. ‘एखादा आहे’ असं मानलं, त्याला ‘क’ म्हटलं आणि त्या नावावर काम केलं. हा ‘क’ आधीच चर्चेत असलेला कुणी नसावा, हे ॲरिस्टॉटल पाळतो, पण नियम म्हणून सांगत नाही. भूमितीतल्या ‘समजा ABC हा त्रिकोण आहे’ या वाक्यातही तीच शिस्त आहे, आणि तिथेही ती शतकानुशतकं सवयीच्या भरवशावर चालली.

गॉटलोब फ्रेगेने 1879 साली संख्यापकांची, म्हणजे ‘प्रत्येक’ आणि ‘कुणीतरी’ अशा शब्दांच्या तर्काची, पहिली पूर्ण पद्धत मांडली, तेव्हा अस्तित्वासाठी वेगळं चिन्ह ठेवलं नाही. ‘असा कुणीतरी आहे’ हे त्याच्याकडे ‘कुणीच तसा नाही, असं नाही’ या रूपात येतं. त्यामुळे अट सार्वत्रिकतेच्या बाजूला गेली: एखाद्या अक्षराबद्दल सिद्ध झालेलं विधान सर्वांबद्दल करायचं असेल, तर ते अक्षर गृहीत भागात येता कामा नये. हिल्बर्ट आणि आकरमान यांच्या 1928 च्या पुस्तकात अस्तित्वाचा नियम उघडपणे दिसतो. `A(x) → C` सिद्ध झालं असेल आणि `C` मध्ये `x` मुक्त, म्हणजे कोणत्याही `∀x` किंवा `∃x` ने न बांधलेलं, नसेल, तर `∃x A(x) → C` लिहिता येतं. आजच्या अटीचा गाभा इथेच आहे. पण ही पद्धत स्वयंसिद्धांवर उभी होती, आणि कोणताही गणिती कागदावर अशा तऱ्हेने विचार करत नाही.

ही तक्रार यान लुकासिएविच यांनी 1926 मध्ये वॉर्सातल्या चर्चासत्रात मांडली: गणिती गृहीतकं धरून पुढे जातात, मग त्या पद्धतीचेच नियम का लिहू नयेत? त्यांचे विद्यार्थी स्टानिस्लाव याशकोव्स्की यांचं उत्तर 1934 मध्ये छापून आलं. त्याच सुमारास, 1934–35 मध्ये, गेरहार्ड गेंत्सेन यांनी जर्मनीत स्वतंत्रपणे तेच काम केलं, आणि ‘नैसर्गिक निगमन’ हे नाव त्यांच्या निबंधातून रूढ झालं.

गेंत्सेन यांच्या मांडणीत `∃x P(x)` वरून थेट `P(a)` निघतच नाही. `P(a)` हे तात्पुरतं गृहीतक म्हणून उघडायचं, त्यातून `C` गाठायचं आणि मग गृहीतक मिटवून `C` बाहेर आणायचं. `a` ला ते त्या पायरीचं स्वतःचं चल म्हणतात आणि त्यावर अटी घालतात: `a` हे `∃x P(x)` मध्ये नको, `C` मध्ये नको, आणि `P(a)` सोडून `C` ज्या उघड्या गृहीतकांवर उभं आहे त्यांतही नको.

माझ्या मते या विषयातली सगळ्यात मोलाची दृष्टी हीच आहे. `∀x P(x)` खरं असेल तर `P(a)` खरंच असतं, `a` कुणीही असो. तो सरळ निष्कर्ष आहे. `∃x P(x)` खरं असूनही `P(a)` खोटं असू शकतं. ‘कोणतीतरी संख्या सम आहे’ यावरून ‘7 सम आहे’ असं निघत नाही. म्हणजे अस्तित्ववाची उदाहरणीकरणाने लिहिलेली ओळ हा वरच्या ओळीचा निष्कर्ष नसून निष्कर्षाच्या वेशातलं गृहीतक आहे.

मग असं गृहीतक धरून मिळालेल्या `C` वर विश्वास का ठेवायचा? `∃x P(x)` खरं आहे, म्हणजे `P` पाळणारी एखादी वस्तू `d` खरोखर आहे. `a` हे नाव कोरं असेल तर ते `d` ला लावायला आपण मोकळे आहोत. बाकीच्या गृहीतकांत `a` नाही, म्हणून नावाचा अर्थ बदलल्याने त्यांचं खरेपण हलत नाही. आता `P(a)` सुद्धा खरं झालं, म्हणून त्यातून योग्य नियमांनी काढलेलं `C` खरं. आणि `C` मध्येही `a` नाही, म्हणून नाव कुणाला लावलं होतं हे विसरलं तरी `C` खरंच राहतं. यातली एक अट काढली की युक्तिवादाचं एक वाक्य गळून पडतं.

नाव कोरं नसेल तर काय होतं, ते संख्यांवर पाहू.

```
1. ∃x E(x)            गृहीत (कोणीतरी सम आहे)
2. ∃x O(x)            गृहीत (कोणीतरी विषम आहे)
3. E(a)               1 वरून
4. O(a)               2 वरून, चूक: a वापरलेलं आहे
5. E(a) ∧ O(a)        3, 4 वरून
6. ∃x (E(x) ∧ O(x))   5 वरून
```

चौथ्या ओळीत `a` आधीच समसंख्येला बांधलेलं आहे. ते विषम संख्येला लावायचं तर तिसऱ्या ओळीचा अर्थ बदलतो. चौथ्या ओळीत `b` घेतलं तर पाचवी ओळ `E(a) ∧ O(b)` होते आणि सहावीकडे जाणारा रस्ताच बंद होतो.

अमेरिकेतल्या पाठ्यपुस्तकांनी पन्नाशीच्या दशकात वेगळी वाट धरली. गृहीतक उघडून मिटवण्यापेक्षा ओळीखाली ओळ लिहिणं शिकवायला सोपं, म्हणून `∃x P(x)` खाली सरळ `P(a)` लिहायची मुभा दिली गेली. विलर्ड क्वाइन यांची 1950 ची पद्धत अशीच होती, आयर्विंग कोपी यांचं 1954 चं पुस्तकही. बार्कली रॉसर यांनी 1953 मध्ये याला ‘नियम सी’ म्हटलं, पॅट्रिक सपीझ यांनी 1957 मध्ये अशा नावांना ‘संदिग्ध नावं’ म्हटलं. लिहिणं सोपं झालं, पण गेंत्सेन यांच्याकडे जी अट गृहीतकांच्या हिशेबातून आपोआप पाळली जायची, ती आता स्वतंत्र सूचनांनी राखावी लागली. त्या सूचना पुरेशा ठेवणं सोपं नव्हतं. कोपी यांच्या पहिल्या मांडणीतही त्रुटी निघाल्या आणि पुढच्या आवृत्त्यांत नियम बदलावे लागले.

अडचण कुठे होती ते पुढच्या सिद्धतेत दिसतं. इथे नाव कोरं आहे, तरीही निष्कर्ष चुकतो.

```
1. ∀x ∃y (x < y)      गृहीत
2. ∃y (a < y)         1 वरून
3. a < b              2 वरून, b नवं
4. ∀x (x < b)         3 वरून सामान्यीकरण, चूक
5. ∃y ∀x (x < y)      4 वरून
```

पहिली ओळ म्हणते, प्रत्येक नैसर्गिक संख्येहून मोठी संख्या असते. ते खरं आहे. पाचवी म्हणते, अशी एक संख्या आहे की सगळ्या संख्या तिच्याहून लहान आहेत. ते धडधडीत खोटं. तिसऱ्या ओळीत `b` नवंच आहे, पण ते `a` पाहून निवडलं आहे. `a` बदललं की `b` बदलायला हवं. थोराल्फ स्कोलेम यांच्या फलनांच्या भाषेत `b` म्हणजे खरं तर `f(a)`. चौथ्या ओळीत `a` वर सामान्यीकरण करताना हे अवलंबन पुसलं गेलं.

गेंत्सेन यांच्या हिशेबात ही चूक लगेच पकडली जाते, कारण `a < b` हे अजून उघडं गृहीतक आहे, त्यात `a` आहे, म्हणून `a` वर सामान्यीकरण करता येत नाही. क्वाइन यांनी दुसरा उपाय काढला आणि तो मला फार देखणा वाटतो. अस्तित्ववाची उदाहरणीकरण किंवा सार्विक सामान्यीकरण करताना ज्या चलावर ते होतं त्यावर खूण करायची. एका चलावर दोनदा खूण नाही, आणि खूण केलेलं चल त्या ओळीतल्या इतर मुक्त चलांच्या नंतर, अक्षरक्रमाने पुढचं असलं पाहिजे. तिसऱ्या ओळीत `b` वर खूण होते, म्हणून `b` हे `a` च्या पुढचं हवं. चौथ्या ओळीत `a` वर खूण होते आणि `b` मुक्त आहे, म्हणून `a` हे `b` च्या पुढचं हवं. दोन्ही एकत्र शक्य नाही, आणि सिद्धता तिथेच अडते. कोण कोणावर अवलंबून आहे हे नुसत्या अक्षरक्रमाने टिपलं गेलं.

वर्गात हमखास सांगितली जाणारी एक सूचनाही याच इतिहासातून आली आहे: आधी अस्तित्वाची ओळ सोडवा, मग सार्विक. `∀x (P(x) → Q(x))` आणि `∃x P(x)` वरून `∃x Q(x)` काढताना आधी `P(a) → Q(a)` लिहिलं, तर `a` वापरलेलं ठरतं आणि पुढे `P(a)` लिहिता येत नाही. उलट क्रमाने काहीच अडत नाही, कारण सार्विक नियमाला जुनं नाव चालतं. पण पहिल्या क्रमात खरोखर काही चुकतं का? नाही. `P(a) → Q(a)` ज्या गृहीतकावर उभं आहे त्यात `a` नाहीच, त्यामुळे गेंत्सेन यांच्या अटी दोन्ही क्रमांना परवानगी देतात. ‘सिद्धतेत आधी कुठेही नको’ ही अट गरजेपेक्षा कडक आहे. ती कडक ठेवली गेली, कारण कोणती ओळ कोणत्या गृहीतकावर टेकली आहे हे शोधण्यापेक्षा वर नजर टाकून नाव आलंय का एवढं पाहणं सोपं पडतं.

आजची सिद्धता-तपासणी करणारी सॉफ्टवेअर गेंत्सेन यांच्या बाजूची आहेत. लीनमध्ये समविषमची चूक मुद्दाम करून पाहता येते:

```lean
example (E O : Nat → Prop) (h1 : ∃ x, E x) (h2 : ∃ x, O x) :
    ∃ x, E x ∧ O x := by
  obtain ⟨a, ha⟩ := h1
  obtain ⟨a, hb⟩ := h2
  exact ⟨a, ha, hb⟩
```

दोन्हीकडे `a` लिहिलं तरी दुसरा `obtain` नवाच `a` तयार करतो, आणि पहिला पडद्यावर `a✝` असा दिसू लागतो. `ha` हे `E a✝` बद्दल आहे, `hb` हे `O a` बद्दल, म्हणून शेवटची ओळ `ha` पाशी नाकारली जाते.