दुसऱ्या वर्षी डोमेन महाग का पडतं

बेळगावच्या शहापुरात माझ्या मामांचं कुंद्याचं दुकान आहे. दुकानाच्या नावाचं `.com` डोमेन त्यांना पहिल्या वर्षी १४९ रुपयांत मिळालं. यंदा बिल आलं २,२४२ रुपयांचं: डोमेनचे १,४००, मालकाचा तपशील झाकणाऱ्या प्रायव्हसी सेवेचे ५०० आणि वर १८ टक्के जीएसटी. मामांना वाटलं, आपल्याला फसवलं.

हे समजायला थोडं मागे जावं लागतं. सप्टेंबर १९९५ पर्यंत `.com` नोंदवायला पैसे पडत नसत. त्यानंतर दोन वर्षांचे १०० डॉलर पडू लागले. १९९९ मध्ये बाजार खुला झाला. सगळ्या नावांची वही एका रजिस्ट्रीकडे राहिली आणि ग्राहकाला नाव विकणारे रजिस्ट्रार अनेक झाले. म्हणजे घाऊक आणि किरकोळ. आज ही वही व्हेरिसाइन या अमेरिकी कंपनीकडे आहे. तिचा घाऊक दर २०१२ पासून ७.८५ डॉलरवर थांबला होता. २०२१ पासून तो चार वेळा वाढला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये १०.२६ डॉलरवर गेला.

हा घाऊक दर पहिल्या वर्षी आणि नूतनीकरणाला सारखाच असतो. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर तो ८७० रुपयांच्या वर जातो. म्हणजे १४९ रुपयांत रजिस्ट्रारने तोटाच सोसला, आणि तो पुढच्या वर्षांत भरून निघेल हे त्याने धरलेलं असतं. एकदा पाटीवर, पिशवीवर, डब्यावर छापलेलं नाव कोणी सहज बदलत नाही. म्हणून घेताना आधी नूतनीकरणाचा दर वाचावा.

प्रायव्हसीचे ५०० रुपये मला जास्त खटकतात. पूर्वी मालकाचं नाव, पत्ता, फोन हूइज या डोमेनमालकांच्या जाहीर नोंदीत कुणालाही दिसे, तेव्हा ही सेवा कामाची होती. मे २०१८ मध्ये युरोपचा जीडीपीआर हा खासगी माहिती जपणारा कायदा लागू झाला आणि बहुतेक रजिस्ट्रार `.com`चा हा तपशील आपणहून झाकू लागले. आपलं डोमेन हूइजमध्ये शोधून पाहावं; आधीच झाकलेलं दिसलं तर पैसे वाचतात.

मग डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे का नेऊ नये? मामांनी तेच ठरवलं, पण आधी डोमेन वेबसाइट करणाऱ्या मुलाच्या नावावरून स्वतःच्या नावावर केलं. डिसेंबर २०१६ पासून मालक बदलला की ६० दिवस ट्रान्सफर अडवली जाते; बदल करण्यापूर्वी नकार कळवला तर काही रजिस्ट्रार ही अट लावत नाहीत. मामांच्या डोमेनची मुदत ४० दिवसांत संपत होती, म्हणून जुन्याच रजिस्ट्रारकडे नूतनीकरण करावं लागलं. आधी ट्रान्सफर करून मग नाव बदललं असतं, तर ट्रान्सफरबरोबरच मुदतीत आणखी एक वर्ष जोडलं गेलं असतं.

ट्रान्सफरवरची अशी कुलपं उगाच आलेली नाहीत. जानेवारी २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका इंटरनेट कंपनीचं `panix.com` मालकाला न कळता दुसऱ्या रजिस्ट्रारकडे गेलं होतं, त्यानंतर `clientTransferProhibited` हे ट्रान्सफर रोखणारं कुलूप डोमेनला लावून ठेवायची सवय वाढली.

मामांनी प्रायव्हसी काढून एका वर्षाचे १,६५२ रुपये भरले. आता वहीत पुढची तारीख लिहून ठेवली आहे, मुदतीच्या ९० दिवस आधीची.