हँडल मारताना अंगठा कुठे ठेवायचा

नागपुरातल्या जुन्या गाड्यांच्या एका संग्रहालयात मी भाचीला घेऊन गेलो होतो. ती पॉलिटेक्निकला मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फोर्डच्या मॉडेल टी गाडीपुढे ती थबकली. रेडिएटरच्या खाली एक वाकडी लोखंडी दांडी लोंबत होती. तिने दांडीवर हात ठेवला आणि मूठ वळली तशी बोटांभोवती अंगठाही वळवला. तिथले मिस्त्री पलीकडून ओरडलेच, "अंगठा काढ पोरी! तो आत राह्यला तं गेला समज."

आपण ज्याला नुसतं 'हँडल मारणं' म्हणतो, त्या कामाचा सगळा इतिहास त्या एका ओरडण्यात होता.

पेट्रोल इंजिनाची अडचण जन्मापासूनची आहे. वाफेच्या इंजिनात वाफ सोडली की पिस्टन हलतो. पेट्रोल इंजिनाला मात्र आधी स्वतः फिरावं लागतं, म्हणजे पेट्रोलची वाफ आणि हवा आत ओढली जाते, दाबली जाते आणि मग ठिणगीने पेटते. हा पहिला फेरा बाहेरून कुणीतरी द्यावा लागतो. कार्ल बेंझच्या १८८६ च्या तीनचाकीला हँडलसुद्धा नव्हतं. मागे आडवं बसवलेलं मोठं फ्लायव्हील हाताने ओढून फिरवायचं. १८८८ साली बर्था बेंझ मानहाइमहून फोर्झहाइमला, शंभर किलोमीटरच्या वर अंतर, याच जातीची गाडी घेऊन गेली. गाडी पहिल्यांदा लांब पल्ल्यावर नेणारी बाई होती, ही गोष्ट मला भाचीला मुद्दाम सांगावीशी वाटली.

पुढे इंजिन गाडीच्या तोंडाशी आलं आणि पिस्टन ज्याला फिरवतात त्या क्रँकशाफ्टच्या टोकाला समोरून हँडल अडकवायची सोय झाली. मॉडेल टी १९०८ ची. चार सिलिंडर, मिळून सुमारे २,९०० सीसी. आजच्या कितीतरी गाड्यांपेक्षा मोठं इंजिन, तरी माणसाच्या हाताने फिरायचं, कारण आतला दाब कमी होता. आजच्या इंजिनात वायू मूळ आकाराच्या दहाव्या भागाएवढा दाबला जातो, मॉडेल टीत जेमतेम चौथ्या-पाचव्या भागाएवढा.

मिस्त्रींनी तिला पायऱ्या दाखवल्या. आधी हँडब्रेक पूर्ण मागे. मॉडेल टीत त्यानेच मागची चाकंही आवळली जातात आणि गाडी न्यूट्रलमध्येही येते. मग स्टिअरिंगखालची डावी दांडी पूर्ण वर. ही ठिणगीची दांडी. उजवी थोडी खाली, ती पेट्रोलची. मग पुढे यायचं, रेडिएटरशेजारी आलेली चोकची तार ओढून धरायची आणि चावी बंद असताना हँडल दोन-तीनदा फिरवायचं, म्हणजे पेट्रोल आत पोहोचतं. मग चावी लावायची. बॅटरीवर चावी ठेवली की लाकडी पेटीतली कॉइल भुंग्यासारखी गुणगुणायला लागते. भाची तिथे कान लावून उभीच राहिली.

या सगळ्यात जीवघेणी पायरी डाव्या दांडीची, आणि तिचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. आतला वायू ठिणगी पडताच एकदम पेटून संपत नाही, पेटायला सेकंदाचे काही हजारांश भाग लागतात. इंजिन मिनिटाला १,२०० फेऱ्यांनी पळत असेल तर तेवढ्या वेळात क्रँकशाफ्ट चांगली वीस-पंचवीस अंश फिरून जाते. म्हणून पळत्या इंजिनात पिस्टन वर पोहोचायच्या आधीच ठिणगी पाडावी लागते, तेव्हा कुठे खरा दाब पिस्टन खाली यायला लागल्यावर बसतो. हँडल मारताना मात्र इंजिन सेकंदाला फार तर एक फेरा घेतं. त्या गतीने पंचवीस अंश फिरायला सेकंदाचे ७० हजारांश भाग लागतात. म्हणजे डावी दांडी खाली राहून ठिणगी लवकर पडली तर पिस्टन अजून वर चढत असतानाच वायू पूर्ण पेटलेला असतो, आणि तो पिस्टनला आल्या वाटेने खाली ढकलतो. इंजिन उलटं फिरतं.

इंजिन सरळ सुरू झालं तर हँडलला काही होत नाही. त्याच्या टोकाचे दाते एका बाजूने उतरते असतात, इंजिन हातापेक्षा वेगात गेलं की तेच दाते हँडलला बाहेर सारतात. उलट फिरताना मात्र दात्यांची उभी बाजू घट्ट अडकते आणि हँडल सगळ्या ताकदीनिशी हातावर येतं. मनगटाजवळ अंगठ्याच्या बाजूचं हाड यामुळे इतक्यांचं मोडलं की वैद्यकात त्या फ्रॅक्चरला 'शोफर्स फ्रॅक्चर', म्हणजे ड्रायव्हरचं फ्रॅक्चर, हेच नाव पडलं. आजही ऑर्थोपेडिकचे विद्यार्थी ते शिकतात.

म्हणून डावा हात वापरायचा, हँडल खालून वर ओढायचं आणि अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा. झटका आला तर हँडल उघड्या बोटांतून निसटून जातं. उजव्या हाताने वरून खाली दाबलं तर तेच हँडल उसळून कोपराखालच्या हाडावर बसतं.

एक धोका मात्र अंगठ्यानेही टळत नसे. थंडीत तेल घट्ट झालं की न्यूट्रलमध्येही क्लचच्या चकत्या चिकटून राहायच्या आणि इंजिन सुरू होताच गाडी समोरच्या माणसावर सरकायची. त्यावर लोक मागचं एक चाक जॅकवर उचलून ठेवत.

हँडल नको म्हणूनच शहरांत विजेच्या गाड्या खपत होत्या, आणि त्या खास बायकांसाठी म्हणून विकल्या जात. खुद्द हेन्री फोर्डची बायको क्लारा डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवायची. सुटका झाली ती १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये. चार्ल्स केटरिंगने तिला विजेचा स्टार्टर दिला. तोवरचे लोक म्हणत, इंजिन फिरवायला लागणारी मोटर गाडीत मावणारच नाही. केटरिंगने त्याआधी दुकानातल्या कॅश रजिस्टरला वीज बसवली होती, आणि क्षणभरच चालायची मोटर लहान असूनही जोर देऊ शकते हे त्याला ठाऊक होतं. सतत चालवली तर ती जळेल, पण इंजिनाला काही सेकंदच हवे असतात. तेच यंत्र नंतर इंजिनावर फिरून बॅटरी भरायचं. मॉडेल टीला कारखान्यातून स्टार्टर मिळायला मात्र १९१९ उजाडलं.

हँडल आपल्याकडे त्यानंतरही टिकलं. बॅटरी उतरलेल्या अॅम्बेसेडरला हँडल मारलेलं माझ्या पिढीने पाहिलं आहे. काटोलकडच्या संत्र्याच्या बागांत विहिरीवरचं डिझेल इंजिन तर हँडलवरच उठायचं. डिझेलला ठिणगी नसते, पण दाब फार, म्हणून आधी एक खिट्टी दाबून व्हॉल्व्ह उघडा धरायचा, इंजिनाला वेग द्यायचा आणि मग खिट्टी सोडायची.

मिस्त्री स्वतः सीटवर बसले, डावी दांडी वर असल्याची पुन्हा खात्री केली आणि म्हणाले, "हं, वढ आता." पहिल्या ओढीला नुसतं फुसकन् झालं. दुसऱ्या ओढीला इंजिन धडधडलं, हँडल तिच्या हातातून हलकेच बाहेर आलं आणि खाली लोंबकळलं. मिस्त्री दांडी खाली घेऊ लागले तसा तो अडखळता आवाज भरत गेला. भाची दोन पावलं बाजूला झाली होती, उजव्या हाताने डावं मनगट धरून.

"मामा," ती म्हणाली, "आता बंद करा म्हणा. पुन्हा एकदा मारते."