क्लाउडवरचे हिशेब आणि डेटाबेसचा लॉग: ऑडिट अहवालातल्या एका वाक्याची पार्श्वभूमी

31 मार्च 2024 ला संपलेल्या वर्षाचे ऑडिट अहवाल उघडले, तर अनेक कंपन्यांच्या अहवालांत जवळपास एकसारखं वाक्य सापडतं. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल, म्हणजे कोणती नोंद कोणी आणि कधी बदलली याचा माग, होती आणि ती चालू होती, मात्र डेटाबेसमध्ये थेट केलेल्या बदलांची नोंद ठेवणारी सोय चालू नव्हती. भाड्याच्या क्लाउड सॉफ्टवेअरवर हिशेब ठेवणाऱ्या कंपन्यांबाबत हेच वेगळ्या शब्दांत येतं: सेवा पुरवठादाराच्या नियंत्रण अहवालात डेटाबेसच्या ट्रेलचा समावेश नाही, म्हणून त्याबद्दल आम्ही काही सांगू शकत नाही. हे वाक्य का लिहावं लागलं, हे समजून घेण्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

भोसरी-पिंपरीतल्या कारखान्यांचे हिशेब जेव्हा ऑफिसातल्या एकाच कॉम्प्युटरवर असायचे, तेव्हा ऑडिटर त्या कॉम्प्युटरसमोरच बसायचा. व्हाउचर कोणी बदललं याची नोंद ठेवण्याची सोय काही सॉफ्टवेअरमध्ये होती, पण ती चालू ठेवायची की बंद, हे मालक ठरवायचा. एप्रिलमध्ये मार्चचं व्हाउचर दुरुस्त केलं तर बहुतेक ठिकाणी त्याचा मागमूस राहत नसे. ऑडिटरचा भरवसा कागदावर होता: बिल, चलन, बँकेचं स्टेटमेंट.

यावरचा उपाय 24 मार्च 2021 च्या अधिसूचनेने आला. कंपनी लेखा नियम 2014 च्या नियम 3 मध्ये एक परंतुक जोडलं गेलं. कंपनीने असंच सॉफ्टवेअर वापरावं, जे प्रत्येक व्यवहाराची ऑडिट ट्रेल ठेवेल, प्रत्येक बदलाचा एडिट लॉग तारखेसह तयार करेल आणि ज्यात ही ट्रेल बंद करता येणार नाही. आधी हे 1 एप्रिल 2021 पासून लागू होणार होतं. ते एक वर्ष पुढे गेलं, मग आणखी एक वर्ष, आणि अखेर 1 एप्रिल 2023 पासून अमलात आलं. ऑडिटरसाठीचा जोडीचा नियम 11(जी) चार गोष्टी विचारतो: सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे का, ती वर्षभर सगळ्या व्यवहारांसाठी चालू होती का, तिच्यात फेरफार झाला का, आणि कायद्याने सांगितलेल्या मुदतीपर्यंत ती जपली आहे का. हे सगळं फक्त कंपन्यांना लागू आहे. भागीदारी फर्म आणि एलएलपी यातून बाहेर आहेत.

नियम वाचताना डोळ्यांसमोर सॉफ्टवेअरचा पडदा येतो. पण आकडे राहतात डेटाबेसमध्ये, आणि डेटाबेसचा पासवर्ड ज्याच्याकडे आहे तो सॉफ्टवेअर न उघडताच आकडा बदलू शकतो. असा बदल सॉफ्टवेअरच्या एडिट लॉगमध्ये सहसा उमटत नाही, कारण तो लॉग लिहिण्याचं काम सॉफ्टवेअरच करतं आणि इथे त्याला वळसाच घातलेला असतो. चार्टर्ड अकाउंटंटांची संस्था असलेल्या आयसीएआयच्या मार्गदर्शिकेने डेटाबेसच्या पातळीवरची ट्रेलही तपासायला सांगितली, आणि माझ्या मते ते बरोबरच आहे. तिच्याशिवाय वरच्या लॉगला फारसा अर्थ उरत नाही.

मग प्रश्न येतो की हा पासवर्ड कोणाकडे असतो. दुसऱ्याच्या यंत्रावर चाललेल्या हिशेबाचं ऑडिट कसं करायचं, हा प्रश्न क्लाउडच्या आधीचा आहे. अमेरिकेत 1992 मध्ये एसएएस 70 हे मानक आलं, ते बाहेरून पगारपत्रकं किंवा व्यवहार करून घेणाऱ्यांसाठी. सेवा देणाऱ्याच्या नियंत्रणांची तपासणी एकच ऑडिटर करेल आणि त्याचा अहवाल सगळ्या ग्राहकांचे ऑडिटर वापरतील, अशी ती कल्पना. त्याच्या जागी पुढे एसएसएई 16 आलं आणि एसओसी 1, एसओसी 2 ही नावं रूढ झाली. हिशेबाशी संबंधित नियंत्रणांसाठी एसओसी 1, सुरक्षेसारख्या बाबींसाठी एसओसी 2. त्यातला टाइप 1 फक्त एका तारखेची रचना पाहतो. नियंत्रणं काही महिने खरोखर चालली का, हे टाइप 2 सांगतो. आपल्याकडे हा विषय एसए 402 या ऑडिटच्या मानकात येतो.

पुण्यासाठी 2015 हे वर्ष महत्त्वाचं. मायक्रोसॉफ्टने अझूर या आपल्या क्लाउड सेवेचं ‘सेंट्रल इंडिया’ क्षेत्र पुण्यात सुरू केलं. पुढच्याच वर्षी अॅमेझॉनचं मुंबई क्षेत्र आलं. इथल्या कंपन्यांना सर्व्हर देशातच ठेवणं सोपं झालं आणि पुढे नियमांनाही ते हवंच होतं: ऑगस्ट 2022 च्या दुरुस्तीनंतर इलेक्ट्रॉनिक हिशेबांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज असावा लागतो. शिवाय हिशेब क्लाउडवर असतील तर पुरवठादाराचं नाव, आयपी पत्ता आणि ठिकाण दरवर्षी रजिस्ट्रारला कळवावं लागतं.

सर्व्हर आपल्याच शहरात आहे म्हटल्यावर एक गैरसमज मात्र बळावला: आता सगळं मायक्रोसॉफ्ट पाहतंय. जबाबदारीची वाटणी तशी नसते. भाड्याने नुसतं व्हर्च्युअल मशीन घेतलं, तर इमारत, वीज, हार्डवेअर आणि मशीनं वेगळी ठेवणारा थर पुरवठादाराचा. ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, युजर आणि लॉग ग्राहकाचे. पूर्ण सॉफ्टवेअरच भाड्याने घेतलं तर डेटाबेसही पुरवठादाराकडे जातो आणि ग्राहकाकडे उरतात ते युजर, त्यांचे अधिकार आणि सेटिंग. पुण्यातल्या मध्यम कंपन्यांत यात तिसरा असतो, तो म्हणजे ईआरपी, अर्थात हिशेब, खरेदी, साठा एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, बसवून देणारा आणि सर्व्हर सांभाळणारा व्हेंडर. क्लाउड कंपनीचा एसओसी अहवाल त्याला लागू नसतो. तरीही अहवालाची जाडजूड पीडीएफ ऑडिटरला पाठवली जाते आणि काम झालं असं मानलं जातं.

एक काल्पनिक पण नेहमी दिसणाऱ्या धाटणीचं उदाहरण घेऊ. चाकणची सुट्या भागांची कंपनी, वर्ष 2024-25. ईआरपी अझूरच्या पुण्यातल्या व्हर्च्युअल मशीनवर, डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर, सांभाळणारा व्हेंडर. ऑडिटर जुलै 2025 मध्ये जातो. ईआरपीचा एडिट लॉग वर्षभर चालू होता, अकाउंट्स मॅनेजर तो दाखवतात. ऑडिटर पुढची मागणी करतो: डेटाबेसवर ही चौकशी माझ्यासमोर चालवा.

```sql
SELECT name, is_state_enabled, create_date, modify_date
FROM sys.server_audits;

SELECT name, is_state_enabled, create_date, modify_date
FROM sys.database_audit_specifications;
```

पहिल्या उत्तरात डेटाबेसचं ऑडिट चालू आहे का ते कळतं. पण ऑडिटर एवढ्यावर थांबला तर फसगत होते, कारण नेमकं काय टिपायचं हे दुसऱ्या यादीत ठरतं. ऑडिट चालू आणि दुसरी यादी रिकामी, म्हणजे सहसा व्हाउचरच्या टेबलांतला एकही बदल टिपला जात नाही. या उदाहरणात दोन्ही चालू आहेत, पण दोन्हींची `create_date` 18 ऑगस्ट 2024 आहे. म्हणजे 1 एप्रिल ते 17 ऑगस्ट या काळात ही ट्रेल असल्याचा कुठलाच पुरावा नाही. ‘वर्षभर’ या शब्दाचं उत्तर तिथेच मिळालं.

आता लॉग वाचायचा. व्हेंडरच्या लॉगिनवरून साठ्याच्या दरांच्या टेबलावर तीन बदल दिसतात, वेळ `2025-04-04 19:12`. ऑडिटर ईआरपीच्या एडिट लॉगमध्ये 4 एप्रिलची संध्याकाळ पाहतो. तिथे काही नाही. पण एसक्यूएल सर्व्हरचा हा लॉग यूटीसी या जागतिक प्रमाण वेळेत असतो. त्यात साडेपाच तास मिळवले की ती वेळ 5 एप्रिलची रात्रीची 12:42 होते. ऑडिटर 5 एप्रिलचा एडिट लॉगही पाहतो, आणि तिथेही काही सापडत नाही. आता मात्र निष्कर्ष पक्का आहे: बदल ईआरपीला वळसा घालून झाला. वेळेचा हा फरक लक्षात न घेता दोन लॉग जुळवणारा माणूस जुळणाऱ्या नोंदींना बेपत्ता ठरवतो किंवा बेपत्ता नोंदी सोडून देतो. वर्षअखेरीला तर तो आणखी नडतो: यूटीसीनुसार 31 मार्चची गाळणी लावली, तर आपल्याकडच्या 31 मार्चचे पहाटेचे साडेपाच तास सुटतात आणि 1 एप्रिलचे तेवढेच तास आत येतात.

बदललेले तीनही दर अखेरच्या साठ्याचे आहेत आणि तीनही वाढलेले. व्हेंडर म्हणतो, आयात मालावरची कस्टम ड्युटी दरात धरली नव्हती, मॅनेजरांनी फोनवर सांगितलं म्हणून केलं. हे खरंही असू शकतं. ऑडिटर बिल ऑफ एंट्री काढून दर स्वतः मोजतो. दोन दर जुळतात, तिसरा जुळत नाही. तिसऱ्याची दुरुस्ती करून घेतली जाते. पण आकडा बरोबर निघाला म्हणून नियंत्रण बरोबर ठरत नाही. लेखी विनंती नाही, मंजुरी नाही आणि लॉगिन व्हेंडरच्या चार जणांत सामायिक, त्यामुळे बदल नेमका कोणी केला हे शेवटपर्यंत कळत नाही. आर्थिक अहवालावरच्या अंतर्गत नियंत्रणांबद्दल मत देताना हा मुद्दा घ्यावाच लागतो.

तिसरी तपासणी क्लाउडच्या पोर्टलवरची. मशीन बंद-चालू करणं, डिस्कची प्रत काढणं, फायरवॉलचे नियम बदलणं हे अझूरच्या अॅक्टिव्हिटी लॉगमध्ये येतं, पण हा लॉग 90 दिवसच राहतो. ऑडिटर 15 जुलैला पाहतो तेव्हा त्याला एप्रिलच्या मध्यापासून पुढचंच दिसतं; ज्या वर्षाचं ऑडिट करायचं ते अख्खं वर्ष गेलेलं असतं. तो लॉग वेगळ्या साठ्यात पाठवण्याचं सेटिंग आधीच करून ठेवावं लागतं, मागाहून तो परत मिळवता येत नाही. म्हणून माझा आग्रह असतो की क्लाउडवरच्या ग्राहकाकडे ऑडिटरने पहिली फेरी वर्ष सुरू होतानाच मारावी.

डेटाबेसच्या लॉगवरही आंधळा विश्वास ठेवता येत नाही. ज्याच्याकडे सर्वोच्च अधिकार आहेत तो ऑडिट बंद करू शकतो. ऑडिट थांबल्याची आणि पुन्हा सुरू झाल्याची नोंद लॉगमध्ये पडते, म्हणून आधी ती शोधायची. पण लॉगच्या फाइलच त्याच मशीनवर असतील, तर मशीनचा अॅडमिन त्या पुसू शकतो. फाइल वेगळ्या खात्यातल्या, ठरावीक मुदतीपर्यंत पुसता न येणाऱ्या स्टोरेजमध्ये जात असतील आणि त्या खात्याची किल्ली व्हेंडरकडे नसेल, तरच ‘फेरफार झालेला नाही’ असं लिहायला आधार मिळतो.

राहिला जपणुकीचा प्रश्न. ट्रेलची सक्ती 1 एप्रिल 2023 पासूनची असल्याने पहिल्या वर्षीच्या अहवालांत जपणुकीचा मुद्दा लागू नसल्याचं नमूद केलं गेलं. 2024-25 पासून त्यावर लिहावं लागतं. हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं ठेवायची, आणि ट्रेलही तेवढीच. या आठ वर्षांत कंपनी ईआरपी किंवा व्हेंडर बदलू शकते. नव्या सॉफ्टवेअरमध्ये सहसा शिल्लक आणि व्यवहार आणले जातात, जुना एडिट लॉग मागेच राहतो. जुन्या मशीनचं भाडं वाचवायला ते पुसलं की त्याबरोबर लॉगही जातो. व्हेंडरशी करार करतानाच दोन कलमं घालून घ्यावी लागतात: करार संपल्यावर डेटाबेस आणि त्याचे लॉग वाचता येतील अशा रूपात कंपनीच्या ताब्यात मिळतील, आणि कंपनीने लेखी कळवल्याशिवाय जुनी प्रत पुसली जाणार नाही.