बाळाच्या लघवीतला संसर्ग: सलाईन की सिरप?

द्राक्षांच्या हंगामात तासगावकडून येणाऱ्या आईवडिलांना वेळ नसतो. बागेत माल उतरायला आलेला असतो, गाडी ठरलेली असते, आणि नेमकं त्याच वेळी घरातलं तान्हं तापानं फणफणतं. गेल्या फेब्रुवारीत असंच एक जोडपं आठ महिन्यांची मुलगी घेऊन माझ्याकडे आलं. ताप दोन दिवसांचा, थर्मामीटरवर 102.6. सर्दी नाही, खोकला नाही, जुलाब नाहीत, एकदा उलटी झालेली. दूध पीत होती, पण नेहमीपेक्षा कमी. शेजारणीनं सांगितलं होतं, दात येतायत म्हणून ताप आहे. सोबत आलेली आजी मात्र ठाम होती. "डॉक्टर, पोरगी मलूल पडलीया. ॲडमिट करून सलाईन लावा की."

दात येताना बाळ किरकिर करतं, लाळ गाळतं, अंग जरासं कोमटही लागतं. 102 च्या वरचा ताप मात्र दातांवर ढकलायचा नाही. दोन वर्षांच्या आतलं मूल, ताप जोराचा, आणि तपासून कारण सापडत नाही, अशा वेळी लघवी बघायलाच हवी. मोठ्या माणसाला जळजळ होते, सारखं जावंसं वाटतं, ते तो बोलून दाखवतो. आठ महिन्यांच्या बाळाकडे सांगायला फक्त ताप असतो. आणि लघवीच्या संसर्गात ताप आला, की जंतू मूत्राशयातून वर चढून मूत्रपिंडापर्यंत पोचला असावा असं धरून चालावं लागतं. हा जंतू बहुतेक वेळा ई. कोलाय असतो, म्हणजे बाळाच्या स्वतःच्याच आतड्यात राहणारा.

खरी कसोटी लागते ती लघवी घेताना. बाळाला चिकटवायची प्लास्टिकची पिशवी सगळीकडे मिळते आणि घरच्यांना ती सोपी वाटते. पण त्या पिशवीत लघवीबरोबर त्वचेवरचे आणि शीच्या जागेचे जंतूही उतरतात. त्या नमुन्याचा कल्चर, म्हणजे जंतू उगवून पाहायची तपासणी, निर्जंतुक आला तर संसर्ग नाही म्हणता येतं. वाढ दिसली तर ती कुठली, हे कोणालाच सांगता येत नाही. या मुलीची लघवी मी बारीक नळी घालून घेतली. आईचे डोळे भरून आले. तिला सांगितलं, अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि औषधाचा पहिला डोस पोटात गेल्यावर हा नमुना पुन्हा मिळणार नाही. काही तासांतच औषध लघवीत उतरतं, जंतू उगवेनासा होतो आणि नेमका कोण होता, कुठल्या औषधाला दबतो, हे कळायची वाट बंद होते.

नळी नको असेल तर उडती लघवी बाटलीत झेलता येते. जागा धुऊन घ्यायची, गार सलाईनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा बेंबीखाली ओटीपोटावर गोल गोल फिरवायचा आणि बाटली उघडी धरून बसायचं. ऑस्ट्रेलियात या युक्तीची रीतसर चाचणी झाली. नुसती वाट पाहिली तर पाच मिनिटांत 12 टक्के बाळांनी लघवी केली, बोळा फिरवल्यावर 31 टक्क्यांनी. नमुना तासाभरात लॅबमध्ये पोचला पाहिजे. पोचणार नसेल तर फ्रीजमध्ये ठेवायचा. उन्हात डिकीत पडलेल्या बाटलीत जंतू आपली संख्या वाढवत बसतात.

या मुलीच्या लघवीत सूक्ष्मदर्शकाखाली पूपेशी भरपूर दिसल्या, आणि लघवीत बुडवायच्या पट्टीवर नायट्राइटचा, म्हणजे जंतूंनी तयार केलेल्या द्रव्याचा, रंगही उमटला. इथं एक गोम आहे. नायट्राइट तयार व्हायला लघवी काही तास मूत्राशयात साठावी लागते, आणि तान्ही मुलं तर सारखी ओलं करतात. त्यामुळे रंग उमटला तर संसर्ग जवळजवळ नक्की. उमटला नाही, तर त्यावरून बाळाला सोडून द्यायचं नाही.

आता आजींचा आग्रह. शिरेतून दिलेलं औषध जोराचं आणि तोंडानं दिलेलं कमजोर, ही समजूत आपल्याकडे खोल रुजली आहे. एके काळी डॉक्टरही याच विचारानं अशा सगळ्या बाळांना भरती करून घ्यायचे. भीती मूत्रपिंडाची होती. तिथला दाह वेळेत विझला नाही, तर मागे व्रण राहतो.

1999 साली अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या डॉक्टरांनी हा प्रश्न सरळ मुलांवर तपासून पाहिला. एक महिना ते दोन वर्षं वयाची, लघवीच्या संसर्गानं तापलेली 306 मुलं घेतली. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाला पहिल्यापासून सेफिक्झिम या अँटिबायोटिकचं सिरप, एकूण चौदा दिवस. दुसऱ्या गटाला आधी तीन दिवस शिरेतून सेफोटॅक्झिम आणि मग तेच सिरप. ताप उतरायला सिरपच्या गटात सरासरी 24.7 तास लागले, शिरेतल्या गटात 23.9. सहा महिन्यांनी मूत्रपिंडांचा स्कॅन केला, तेव्हा व्रण राहिलेली मुलं सिरपच्या गटात 9.8 टक्के आणि शिरेतल्या गटात 7.2 टक्के होती. इतका फरक नुसत्या योगायोगानंही पडू शकतो. पुढे 2007 मध्ये इटलीतल्या 28 बालरुग्ण विभागांनी 502 मुलांवर असाच अभ्यास केला, औषधं वेगळी घेऊन. तिथं वर्षभरानंतर व्रण तोंडानं औषध घेतलेल्यांत 13.7 टक्के, आणि शिरेतून सुरुवात केलेल्यांत 17.7 टक्के. म्हणजे पारडं उलट बाजूला कललं, आणि तेही योगायोगाच्या हद्दीतच.

असं का होतं, ते कळलं की आजींचीही समजूत पटते. आतड्यातून रक्तात शिरलेलं औषध शेवटी मूत्रपिंडातूनच गाळलं जातं. जिथं दाह आहे तिथंच ते जाऊन पोचतं, आणि लघवीत तर त्याचं प्रमाण रक्तापेक्षा कितीतरी वाढतं. हात टोचून घेतला काय किंवा चमच्यानं पाजलं काय, औषध पोटात टिकलं तर मूत्रपिंडाला दोन्ही सारखंच.

"पोटात टिकलं तर" ही अट मात्र खरी आहे. बाळ प्रत्येक डोस ओकून टाकत असेल, दूधच घेत नसेल, सुकलं असेल, उठवूनही डोळे उघडत नसेल, तर शिरेतूनच द्यायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळालाही भरतीच करायचं, कारण त्या वयात जंतू रक्तात उतरायला वेळ लागत नाही. मूत्रमार्गात जन्मतः अडथळा असल्याचं गरोदरपणातल्या सोनोग्राफीत दिसलं असेल, तर तिथंही मी सिरपवर विसंबत नाही.

दुसरी मर्यादा आपल्या भागाची आहे. ती पिट्सबर्गच्या आकड्यांत सापडणार नाही. आपल्याकडे साध्या सर्दीलाही सेफिक्झिम दिलं जातं, अर्धी बाटली संपली की बंद केलं जातं. त्यामुळे त्याला न जुमानणारे ई. कोलाय आता सर्रास सापडतात. म्हणून मी सिरप सुरू करतो, पण कल्चरच्या रिपोर्टकडे डोळे लावून बसतो. जंतू उगवायला एक दिवस लागतो, कुठलं औषध चालतं हे कळायला आणखी एक. तिसऱ्या दिवशी ताप तसाच असेल आणि रिपोर्टमध्ये सेफिक्झिमपुढे "रेझिस्टंट" लिहिलेलं असेल, तर औषध बदलायचं. अशा वेळी दिवसातून एकदा द्यायचं अमिकासिनचं इंजेक्शन कामी येतं. बाळ बरं असेल तर त्यासाठी भरती व्हायचीही गरज नसते, रोज सकाळी येऊन टोचून जायचं. ताप 48 तासांत उतरला नाही तर सोनोग्राफी लांबणीवर टाकायची नाही, कुठं लघवी तुंबलीय का, पू साठलाय का ते बघायचं.

त्या मुलीला पहिला डोस दवाखान्यातच पाजला आणि अर्धा तास बसवून ठेवलं. तिनं तो ओकला नाही. दुसऱ्या दिवशी रात्री ताप उतरला. रिपोर्ट आला, ई. कोलाय, सेफिक्झिमला दबणारा. दहा दिवस औषध दिलं. ताप गेला म्हणून चौथ्या दिवशी बाटली कपाटात जाऊ नये, यासाठी आईला रिकामी बाटली घेऊन यायला सांगितलं होतं.

मग वडिलांनी विचारलं, "किडनीचा तो मोठा स्कॅन करायचा का? मेव्हणा म्हणतोय, करून घ्या."

मोठा स्कॅन म्हणजे डीएमएसए. हाताच्या शिरेतून किरणोत्सारी टेक्निशियम जोडलेलं द्रव्य देतात, ते मूत्रपिंडाच्या बाहेरच्या थरातल्या जिवंत पेशी उचलून धरतात. दोन-तीन तासांनी गॅमा कॅमेऱ्याखाली चित्र घेतात. निरोगी भाग उजळ दिसतो. जिथं पेशी काम करत नाहीत तिथं काळा डाग. बाळ हललं की चित्र पुसट होतं, म्हणून कधी झोपेचं औषध द्यावं लागतं. सोनोग्राफीत मूत्रपिंडाचा आकार आणि सूज दिसते, बारीक व्रण मात्र निसटतात. ते या स्कॅनमध्ये सापडतात.

पण कधी, यावर सगळं अवलंबून आहे. दाह चालू असतानाही त्या जागेच्या पेशी द्रव्य उचलत नाहीत, आणि तोही डागच दिसतो. संसर्गाच्या दिवसांत स्कॅन केला तर निम्म्याहून अधिक मुलांत डाग सापडतात, कायमचा व्रण त्यातल्या थोड्यांनाच राहतो, एकूण मुलांपैकी साधारण 15 टक्क्यांना. दोन वर्षांपूर्वी एक कुटुंब असाच रिपोर्ट घेऊन आलं होतं. संसर्गानंतर तिसऱ्याच आठवड्यात कुणीतरी स्कॅन करायला लावला होता. "उजव्या मूत्रपिंडात व्रण" हे शब्द वाचल्यापासून ती आई नीट जेवली नव्हती. सहा महिन्यांनी स्कॅन पुन्हा केला, दोन्ही मूत्रपिंडं स्वच्छ. मधले ते सहा महिने तिला कोण परत देणार? म्हणून हा स्कॅन चार ते सहा महिने थांबूनच करायचा असतो.

आणि सगळ्यांना तो करायचाही नसतो. 2011 च्या भारतीय शिफारशींत वर्षाच्या आतल्या प्रत्येक बाळाला पहिल्याच संसर्गानंतर सोनोग्राफी, नळीतून औषध सोडून काढायचा एक्स-रे आणि हा स्कॅन, असं तिन्ही सांगितलं होतं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी पहिल्या संसर्गानंतर फक्त सोनोग्राफी पुरे म्हटलं, आणि आता आपल्याकडचाही कल तिकडेच आहे. संसर्ग पुन्हा झाला, सोनोग्राफीत दोष निघाला, जंतू वेगळाच निघाला किंवा औषधाला दाद मिळाली नाही, तर स्कॅनचा विचार करायचा. व्रण सापडलाच तरी मूत्रपिंड गेलं असं होत नाही. दरवर्षी रक्तदाब मोजायचा, लघवीतली प्रथिनं बघायची. मोठेपणी, विशेषतः मुलीच्या गरोदरपणात, ही जुनी नोंद डॉक्टरांना उपयोगी पडते.

या मुलीची सोनोग्राफी नॉर्मल होती. मेव्हण्याचा स्कॅन मी केला नाही. आईला एकच गोष्ट लिहून दिली: पुन्हा ताप आला आणि कारण दिसलं नाही, तर त्याच दिवशी लघवी तपासायची. औषध सुरू व्हायला दोन-तीन दिवसांहून उशीर झाला तर व्रणाची शक्यता वाढते, असं अमेरिकेतल्या अभ्यासांत दिसलं आहे.

जूनमध्ये पहिल्या पावसात ती पुन्हा तापली. आई सकाळी नऊला दारात उभी होती, हातात झाकणाची निर्जंतुक बाटली, तळाशी चार चमचे लघवी. घरून निघताना झेललेली, वर बर्फाची पिशवी गुंडाळलेली. लघवी स्वच्छ निघाली. दुपारपर्यंत मुलीचं नाक गळायला लागलं.