कादंबरीच्या पहिल्या प्रकरणात सगळं सांगायलाच हवं?

“आधी घराण्याची माहिती दिली नाही, तर वाचकाला पुढचं कळणार कसं?”

कळतं. परवा एक हस्तलिखित वाचलं. वाडा विकायला आलेली सुमन त्याचं कुलूप उघडते, पण किल्ली फिरायच्या आतच आजोबांची सावकारी, चुलत्यांचं भांडण, 1972चा दुष्काळ अशी दोन पानं येतात. मी प्रत्येक वाक्याशेजारी पेन्सिलीने लिहिलं: हे आत्ता गाळलं तर सुमनची पुढची कृती अडते का? ज्यावाचून अडतं असं एकच वाक्य निघालं: वाड्यावर चुलत्यांचाही हक्क आहे. बाकीचं तिसऱ्या प्रकरणात, भांडण पेटल्यावर.

आणखी एक गोम होती. सगळं सुमनच्या नजरेतून चाललेलं, आणि मध्येच “काकांना तिची दया आली.” काकांच्या मनातलं तिला कसं कळलं? “काकांनी नजर खाली घातली” एवढं तिला दिसू शकतं. असे घसरलेले दृष्टिकोन मनातल्या क्रियापदांपाशी सापडतात: वाटलं, आठवलं, दया आली.

आणि वाडा विकला नाही तर बिघडतं काय? उत्तर चाळिसाव्या पानावर दडलेलं: सोमवारपर्यंत पैसे भरले नाहीत तर बँक तिच्या राहत्या घराचा ताबा घेणार. लेखिकेने ती नोटीस सुमनच्या पर्समध्ये घातली, कुलपाआधी. किल्ली शोधताना तीच आधी हाताला लागते.