चेक परताव्याच्या नोटिशीचे सहीपूर्व वाचन

चेक न वटता परत आल्यावर चेक देणाऱ्याला वकिलामार्फत मागणीची नोटीस पाठवली जाते. तिच्या मसुद्यावर वकिलाची सही होण्याआधी तारखा, पक्षकार आणि मागणी यांत दुसरा अर्थ निघण्याजोगे काही राहिले नाही ना, हे पाहण्याचे काम म्हणजे सहीपूर्व वाचन. ठाण्यात कोर्ट नाक्याच्या आसपासच्या आणि नवी मुंबईत बेलापूरच्या वकिली ऑफिसांत हे काम सहसा ज्युनिअर वकील किंवा जुना कारकून करतो. शुद्धलेखन हा त्यातला सर्वांत किरकोळ भाग. ‘नोटिस’ लिहिले म्हणून खटला पडत नाही. आकडा चुकला तर पडतो.

पराक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १३८ खालील नोटीस या वाचनाचा सर्वांत कस पाहते, कारण तिथे नोटीस हीच गुन्ह्याची एक अट आहे. चेक परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी मागणी करावी लागते. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे आले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात तक्रार करता येते. तक्रारीला झालेला उशीर योग्य कारण दाखवल्यास न्यायालय माफ करू शकते. नोटिशीच्या ३० दिवसांना मात्र अशी सवलत कायद्यात नाही.

एक नमुना घेऊ. वागळे इस्टेटमधला पुरवठादार, तुर्भ्याची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, बिल ५,१२,४०० रुपयांचे आणि चेक ४,८५,००० रुपयांचा. मसुद्यातले वाक्य असे : ‘दि. ०५/०२/२५ रोजी तुम्ही माझ्या अशिलांना दिलेला चेक त्यांनी बँकेत भरला असता परत आला, तरी सदर रक्कम १८ टक्के व्याजासह या नोटिशीपासून १५ दिवसांत द्यावी.’ बोलताना कोणालाही कळेल असे वाक्य. कागद हातात घेऊन वाचले की त्याचे धागे सुटू लागतात.

आधी तारीख. ५ फेब्रुवारीला चेक दिला, की चेकवर ती तारीख होती? पुढच्या तारखेचे चेक महिनोन्‌महिने आधी दिलेले असतात, म्हणून ‘रोजी दिलेला’ आणि ‘या तारखेचा’ हे वेगळे लिहावे लागते. महिना अक्षरी आणि वर्ष चार आकडी लिहिले की ०५/०२ उलटे वाचले जाण्याची शक्यता उरत नाही. देवनागरी आकड्यांत आणखी एक खोच आहे : फिकट झेरॉक्सवर १ आणि ९ यांची गल्लत होते. म्हणून रक्कम आकड्यात आणि अक्षरी, दोन्ही लिहावी. ‘या नोटिशीपासून’ हे तर सरळ चूक. पंधरा दिवस नोटिशीवरच्या तारखेपासून मोजत नाहीत, ती मिळाल्यापासून मोजतात.

मग मुदतीचे गणित. बँकेचा मेमो १४ फेब्रुवारी २०२५ चा. तो पुरवठादाराच्या हातात १७ तारखेला पडला, तरी सावध ऑफिस मेमोच्या तारखेपासूनच मोजते. बँकेचा एसएमएस आधी आला होता का, यावर नंतर वाद घालण्यापेक्षा ते बरे. पहिला दिवस सोडून फेब्रुवारीचे १४ आणि मार्चचे १६ दिवस, म्हणजे मुदत १६ मार्चला संपते. तो रविवार. १४ मार्चला धुळवड. मसुदा वाचणाऱ्याने समासात ‘१३ तारखेपर्यंत पोस्टात’ असे लिहिले, तर ती सूचना व्याकरणाच्या दहा दुरुस्त्यांपेक्षा मोलाची. तीस दिवसांऐवजी ‘एक महिना’ धरण्याची सवयही इथेच पकडायची. फेब्रुवारीत ती खपून जाते, पण मेमो १४ जुलैचा असेल तर महिना १४ ऑगस्टला भरतो आणि तीस दिवस १३ ऑगस्टलाच संपलेले असतात.

पक्षकारांच्या बाबतीत मराठी स्वतःच अडचण करते. ‘तुम्ही’ म्हणजे एक आदरणीय माणूस, की कंपनी आणि तिचे दोन संचालक? ‘त्यांनी’ म्हणजे अशील, की चेकवर सही करणारे संचालक? आदरार्थी अनेकवचनामुळे दोघेही ‘ते’च. बोलीत हे गोड वाटते, पण नोटिशीत घोटाळा होतो. उपाय कंटाळवाणा पण खात्रीचा : ‘नोटीस घेणार क्र. १’ म्हणजे कंपनी, ‘क्र. २’ म्हणजे सही करणारे संचालक असे सुरुवातीलाच ठरवायचे आणि प्रत्येक क्रियापदाला नंबरासकट कर्ता द्यायचा. क्र. १ गाळून चालत नाही. कंपनीला आरोपी केल्याशिवाय संचालकावर खटला टिकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये म्हटले. कंपनीला नोटीसच गेली नसेल तर एकट्या संचालकावरची कारवाई टिकत नाही, हे २०१९ मध्ये. कंपनीचे नाव चेकवरच्या छापील नावाशी अक्षरन्‌अक्षर जुळवायचे. अशिलाच्या तोंडचे ‘शेठची कंपनी’ कुठल्याच नोंदणीत नसते.

पत्ता हाही पक्षकाराच्या ओळखीचा भाग. नवी मुंबईत सेक्टरचे नंबर प्रत्येक नोडमध्ये नव्याने सुरू होतात, त्यामुळे ‘सेक्टर १७, नवी मुंबई’ एवढ्यावरून वाशी की आणखी कुठले, हे कळत नाही. टीटीसी औद्योगिक पट्ट्यात प्लॉटच्या नंबराआधीचे अक्षर सुटले की लिफाफा भलत्याच गेटवर जातो. बरोबर पत्त्यावर टपालाने पाठवलेली नोटीस पोहोचली असे गृहीत धरता येते. तो आधार ‘बरोबर’ या शब्दावर उभा आहे. जाता जाता : जुन्या साच्यांत अजून ‘आर.पी.ए.डी. द्वारे’ असते, पण रजिस्टर टपाल २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाले.

सर्वांत घातक शब्द ‘सदर’. ‘सदर रक्कम’ म्हणजे बिलाचे ५,१२,४००, की चेकचे ४,८५,०००? कलम १३८ ची मागणी चेकच्या रकमेची हवी. व्याज, नोटिशीचा खर्च वेगळा दाखवला तर नोटीस बाद होत नाही; पण सगळे एका आकड्यात मिसळले आणि चेकची रक्कम वेगळी कळेनाशी झाली, तर ती टिकत नाही, हे २००० पासून ठरलेले आहे. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या एका प्रकरणात चेक एक कोटीचा आणि नोटिशीत मागणी दोन कोटींची होती. टंकलेखनाची चूक हा बचाव न्यायालयाने मानला नाही.

या वाचनानंतर आपल्या नमुन्यातले वाक्य असे होते : ‘नोटीस घेणार क्र. १ यांच्या वतीने क्र. २ यांनी सही केलेला, ५ फेब्रुवारी २०२५ या तारखेचा, रु. ४,८५,००० (अक्षरी रुपये चार लाख पंच्याऐंशी हजार) चा चेक १४ फेब्रुवारी २०२५ च्या मेमोसह परत आला. ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत क्र. १ व क्र. २ यांनी चेकची रक्कम रु. ४,८५,००० माझ्या अशिलांना द्यावी.’ बिलाचे उरलेले २७,४०० रुपये आणि व्याज पुढच्या परिच्छेदात, स्वतंत्र मागणी म्हणून.

तपासताना दोघे बसतात. एकजण चेक, मेमो आणि बिल हातात धरून मोठ्याने वाचतो, दुसरा मसुद्यावर बोट ठेवतो. मसुद्यावरून मसुदाच तपासला तर चूक बरोबरच दिसते. वाचणाऱ्याने स्वतः आकडा बदलायचा नसतो. समासात प्रश्नचिन्ह करून वकिलाला विचारायचे असते. चेक दिल्यानंतर लाखभर रुपये यूपीआयने आले होते का, हे कोणत्याही वाक्यावरून कळणार नाही. ते अशिलाच्या बँक स्टेटमेंटमध्ये पाहावे लागते, आणि आले असतील तर पूर्ण चेकची मागणीच धोक्यात येते. दुरुस्त्या टाईप झाल्यावर लेटरहेडवरची प्रत पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचतात, कारण आधीच्या अशिलाचे नाव बहुधा शेवटच्या परिच्छेदात लपलेले असते.